बाण आधी, कारण नंतर?

बारावी अर्थशास्त्राचे सराव संच चाळा. एक प्रश्न हमखास सापडेल: ‘मागणी वक्राचे उजवीकडील स्थानांतर आकृतीच्या साहाय्याने दाखवा.’ त्याच्यापुढे गुण छापलेले असतात. पण स्थानांतर कशामुळे झाले, कोणत्या वस्तूचे, कुठल्या बाजारात, याबद्दल प्रश्न एक अक्षर बोलत नाही. विद्यार्थी दोन अक्ष ओढतो, एक उतरती रेघ, तिच्या उजवीकडे दुसरी उतरती रेघ, मध्ये बाण. पूर्ण गुण. त्याला काय समजले, हे तपासणाऱ्यालाही कळलेले नसते.

चार पाने उलटली की दुसरा प्रश्न: ‘मागणी निर्धारित करणारे घटक स्पष्ट करा.’ तिथे उत्पन्न, आवडीनिवडी, पर्यायी वस्तू, लोकसंख्या अशी पाठ केलेली यादी उतरते. आकृती एकीकडे, कारण दुसरीकडे. दोन्ही उत्तरे बरोबर येऊ शकतात आणि तरीही मुलाला कांद्याचा भाव का चढला, हे सांगता येत नाही. हा दोष मुलाचा नाही, संच रचणाऱ्याचा आहे. आकृती आणि तिचे कारण एकाच प्रश्नात, एकाच पानावर, आणि कारण आधी, असेच असायला हवे.

नवी मुंबईत हे सांगावे लागते, याचे जास्त वाईट वाटते. शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीत आहे. त्याच वाशीत बाजार समितीचा कांदा-बटाटा बाजार आहे. पहाटे तिथे नाशिक-पुण्याकडच्या गाड्या लागतात, माथाडी पोती उतरवतात, आणि आवक किती यावर दिवसाचा भाव ठरतो. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतल्या कितीतरी मुलांच्या घरचे कोणी ना कोणी या बाजारात काम करते. त्या मुलांना आपण ‘वस्तू क्ष’ची आकृती काढायला लावतो.

तेव्हा कांदाच घेऊ.

साल २०१९. सप्टेंबरपासून पाऊस लांबला, ऑक्टोबर-नोव्हेंबरातही पडत राहिला. खरिपाचा लाल कांदा शेतातच सडला. चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला. आवक घटली आणि डिसेंबरात किरकोळ बाजारात कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. आता याची आकृती काढा.

सरावासाठी मी सोपे आकडे घेतो. हे आकडे वाशीचे प्रत्यक्षातले नाहीत, वहीसाठी ठरवलेले आहेत. समजा, किलोला २० रुपये भाव असेल तर बाजारात दिवसाला १२० गाड्यांची मागणी आहे. ३० रुपयांना १००, ४० रुपयांना ८०, ५० रुपयांना ६०. पुरवठा उलट: २० रुपयांना ८० गाड्या, ३० रुपयांना १००, ४० रुपयांना १२०, ५० रुपयांना १४०. दोन्ही रेघा ३० रुपये आणि १०० गाड्या या बिंदूवर छेदतात. हा समतोल.

आता पाऊस. प्रत्येक भावाला पुरवठा ४० गाड्यांनी कमी झाला असे धरा. म्हणजे ३० रुपयांना ६०, ४० रुपयांना ८०, ५० रुपयांना १००. पेन्सिल उचलण्याआधी मुलाने एक वाक्य लिहावे: ‘पावसाने पीक गेले, त्यामुळे त्याच भावाला आधीपेक्षा कमी कांदा विक्रीला आला, म्हणून पुरवठा वक्र डावीकडे सरकला.’ या वाक्यातले ‘त्याच भावाला’ हे सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल तर वाक्य अपुरे आहे आणि गुण कापावा.

मग आकृती. जुन्या भावाला, म्हणजे ३० रुपयांना, आडवी तुटक रेघ ओढा. ही रेघ बहुतेक संचांत नसते. ती असायलाच हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर घडते. त्या रेघेवर मागणी १०० गाड्या आहे आणि नवा पुरवठा ६०. चाळीस गाड्यांचा तुटवडा. माल मिळवण्यासाठी गिऱ्हाईक जास्त भाव द्यायला तयार होते, भाव चढतो. चढता चढता ४० रुपयांवर मागणी ८० आणि पुरवठाही ८०. नवा समतोल.

आता खरा प्रश्न. मागणीचे काय झाले? ती १०० वरून ८० गाड्यांवर आली. रस्त्यावर आपण म्हणतो, ‘कांदा महागला म्हणून मागणी घटली.’ बोलण्यात हे बरोबर आहे. पण आकृतीत मागणीची रेघ जागची हललेली नाही. आपण त्याच रेघेवर वर चढलो. बालभारतीचे सध्याचे पुस्तक याला मागणीचा संकोच म्हणते. रेघच डावीकडे गेली असती तर तो ऱ्हास झाला असता. पुस्तकाने विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास हे दोन जोड नीट वेगळे ठेवले आहेत. सराव संच ते दोन्ही पाठ करून घेतात. मात्र मुलाने त्यातला कुठला निवडायचा ते ठरवावे, असा प्रसंगच त्याच्यासमोर ठेवत नाहीत.

प्रसंग ठेवला की काय होते ते पाहा. वर्गातल्या चांगल्या मुलांचीही ठरलेली चूक अशी: पावसाने पुरवठा वक्र डावीकडे, मग भाव चढला, मग ‘भाव चढल्याने मागणी कमी झाली’ म्हणून मागणी वक्रही डावीकडे. दोन बाण. आकृती भरगच्च दिसते. तपासणारा घाईत असेल तर गुणही देतो. पण हिशेब करा. समजा, त्या मुलाने मागणी प्रत्येक भावाला २० गाड्यांनी डावीकडे सरकवली. नवा छेद येतो ३५ रुपयांना, ७० गाड्यांवर. म्हणजे भाव वाढला म्हणून मागणी पडली आणि मागणी पडली म्हणून भाव ४० ऐवजी ३५च राहिला. मग भाव कमी चढला तर मागणीही कमी पडायला हवी; रेघ परत उजवीकडे आणायची का? याला अंत नाही. भावाचा परिणाम मागणीच्या रेघेच्या उतारात आधीच धरलेला असतो. तोच पुन्हा धरला की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते.

ही चूक नुसत्या आकृतीवरून पकडता येत नाही. दोन्ही वक्र डावीकडे गेलेले असणे अगदी शक्य असते, पण त्याला दोन वेगळी कारणे हवीत. म्हणून प्रत्येक बाणाशेजारी त्याचे कारण लिहायला लावा. ज्या बाणाशेजारी ‘किंमत वाढल्यामुळे’ असे लिहिले जाईल, तो बाण चुकीचा. त्या वस्तूची स्वतःची किंमत तिच्या स्वतःच्या वक्राला कधीही सरकवत नाही. चूक ओळखण्याची इतकी स्वस्त आणि पक्की खूण दुसरी नाही, आणि ती लेखी कारणाशिवाय दिसत नाही.

दुसरी चूक डोळ्यांची आहे. पुरवठ्याचा ऱ्हास झाला की नवी रेघ जुन्या रेघेच्या वर दिसते. वर म्हणजे जास्त, असे मूल धरते आणि शेजारी ‘पुरवठा वाढला’ लिहिते. यात त्याचा दोष थोडाच आहे. गणितात कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर घेण्याची त्याला सवय असते. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर आणि नग आडव्या अक्षावर जातात. १८९० साली आल्फ्रेड मार्शल यांच्या ग्रंथाने ही पद्धत रूढ केली आणि ती तशीच राहिली. तेव्हा वर-खाली बघायचेच नाही. बाण नेहमी आडवा काढायचा, जुन्या भावाच्या तुटक रेघेवरून, जुन्या नगांपासून नव्या नगांपर्यंत. आमच्या उदाहरणात १०० वरून ६० कडे, डावीकडे. मग वर-खालीचा घोळ उरत नाही. संचातल्या छापील आकृत्यांत तिरके बाण असतात; ते काढून टाका.

आणि हो, प्रत्येक भावाला बरोबर ४० गाड्या कमी, ही केवळ वहीची सोय आहे. पावसाने निम्मे पीक नेले असेल तर जिथे १०० येत होत्या तिथे ५० येतील आणि जिथे १४० येत होत्या तिथे ७०. नवी रेघ जुनीला समांतर राहणार नाही. हुशार मुलाने हे विचारले तर ‘पुस्तकात समांतर आहे’ असे सांगून त्याला गप्प बसवू नका.

इथवर एकच बाजार होता. खरी परीक्षा दोन बाजारांची असते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. आधी ऑगस्टात ४० टक्के निर्यात शुल्क लावले होते, ऑक्टोबरअखेरीस टनामागे ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आणली होती, आता दारच लावले. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. भाव कोसळला. प्रश्न: कोणता वक्र सरकला?

वर्गात दोन उत्तरे येतील. एक मुलगी म्हणेल, परदेशी गिऱ्हाईक गेले, मागणी वक्र डावीकडे. दुसरा म्हणेल, बाहेर जाणारा कांदा देशातच राहिला, पुरवठा वक्र उजवीकडे. दोघांच्याही आकृतीत भाव खाली येतो. उत्तरसूचीत एकच उत्तर छापलेले असते आणि दुसऱ्याला शून्य मिळते. दोघेही बरोबर असताना.

मुलगी लासलगावची आकृती काढते आहे. तिथे शेतकरी विकतो आणि खरेदीदारांत देशातले व्यापारीही आहेत, निर्यातदारही. निर्यातदार गेले की त्याच भावाला कमी कांदा उचलला जातो. मागणीचा ऱ्हास. मुलगा वाशीची आकृती काढतो आहे. तिथे गिऱ्हाईक मुंबईचे, हॉटेलवाले, खानावळी, भाजीवाले. त्यांची गरज निर्यातबंदीने बदललेली नाही. त्यांच्यापर्यंत येणारा कांदा वाढला. पुरवठ्याची वृद्धी. दोघांच्या आकृतीत भाव एकाच दिशेला जातो, पण नग उलट दिशांना. लासलगावच्या आकृतीत विकला गेलेला कांदा कमी होतो, वाशीच्या आकृतीत जास्त. म्हणजे कुणाची आकृती कुठल्या बाजाराची, हे नगांकडे बघून ओळखता येते, भावाकडे बघून नाही. म्हणून प्रत्येक आकृतीच्या डोक्यावर बाजाराचे नाव आणि आडव्या अक्षावर कशाचे नग, कुणी विकलेले, कुणी घेतलेले, हे लिहिणे सक्तीचे करा. नुसते ‘किंमत’ आणि ‘नग’ लिहिलेल्या अक्षांना गुण देऊ नका.

लासलगावच्या आकृतीत आणखी एक गोष्ट बघायला हवी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो. भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. लाल कांदेवाला थांबू शकत नाही. भाव काहीही मिळो, माल काढावाच लागतो. म्हणजे त्या महिन्यात त्याची पुरवठ्याची रेघ जवळजवळ उभी आहे. उभ्या पुरवठ्यावर मागणी डावीकडे सरकली की नग फारसे हलत नाहीत, सगळा धक्का भावाला बसतो. तीच बंदी एप्रिलमध्ये, चाळी भरताना लागली असती तर शेतकऱ्याने माल धरून ठेवला असता आणि भावाची पड कमी राहिली असती. डिसेंबरात लिलाव का बंद पडले, हे या एका रेघेच्या उतारात आहे. ज्या सराव संचात पुरवठ्याची प्रत्येक रेघ पंचेचाळीस अंशांत छापलेली असते, त्यातून हे कधीच कळणार नाही. प्रश्न असा द्या: ‘लाल कांद्याची आणि उन्हाळ कांद्याची पुरवठा रेघ वेगवेगळी काढा, दोन्हींवर निर्यातबंदीचा परिणाम दाखवा आणि भावातला फरक तीन वाक्यांत सांगा.’ तीनच वाक्ये. पानभर उत्तराला जागाच ठेवू नका. पानभर लिहिणारा बहुतेक वेळा पाठ केलेले लिहितो.

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. एकेका पायरीवर मागणी वक्र लासलगावात किती परत उजवीकडे आला असेल, ते मुलांना क्रमाने काढायला लावा. बंदी लागली तो दिवस धरून चार तारखा, चार रेघा, प्रत्येकीशेजारी एक वाक्य. यापेक्षा चांगला सराव संच छापून येणे अवघड आहे, आणि याला कागद-पेन्सिलीपलीकडे खर्चही नाही.

कांद्याचा कंटाळा आला तर मेट्रो घ्या. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. पूर्ण प्रवासाचे तिकीट ४० रुपये होते, सप्टेंबर २०२४ मध्ये ते ३० झाले. मेट्रोच्या आकृतीत वक्र हलला का? नाही. तिकीट स्वस्त झाल्याने जास्त लोक चढले, तर तो विस्तार. त्याच रेघेवर खाली उतरणे. मग खारघर-तळोज्याच्या शेअर रिक्षाची आकृती काढा. रिक्षाचे भाडे बदलले नाही, पण पर्यायी वाहन स्वस्त झाले. त्याच भाड्याला कमी माणसे रिक्षात बसतील. मागणी वक्र डावीकडे, ऱ्हास. एकच दरकपात, एका आकृतीत वक्र जागच्या जागी, दुसऱ्यात सरकलेला. या दोन आकृत्या शेजारी शेजारी काढलेल्या मुलाला ‘पर्यायी वस्तू’ हा घटक पुन्हा पाठ करावा लागत नाही. मर्यादाही सांगा: मेट्रोचे तिकीट सिडको ठरवते, मागणी-पुरवठ्याचा छेद ठरवत नाही. तेव्हा तिथे समतोल बिंदू शोधायला लावू नका. फक्त मागणीची रेघ काढा. काही संच सरकारी दराच्या सेवेतही छेद काढायला सांगतात. ते चूक आहे.

कांद्याच्या आकृतीलाही मर्यादा आहेत. २०१९ च्या टंचाईत सरकारने इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा मागवला. आकृतीत तो पुरवठ्याच्या रेघेला उजवीकडे नेतो. पण तो कांदा मोठा, चवीला वेगळा. घरच्या बाईने तो आपल्या कांद्याच्या जागी सहज घेतला नाही. आकृती सगळा कांदा एक धरते. बाजारात मात्र गोळा, गोल्टा, गोल्टी यांचे भावही वेगळे असतात. मुलांना हे ठाऊक असते. संचाने ते विचारात घ्यावे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. या आठवड्यात वर्गाला एवढाच प्रश्न द्या: ‘श्रावणात कित्येक घरांत कांदा बंद होतो. त्याच सुमारास चाळीतला उन्हाळ कांदा दमट हवेने सडू लागतो. वाशी बाजाराची एकच आकृती काढा. प्रत्येक बाणाशेजारी कारण लिहा. भावाचे आणि नगांचे काय होईल ते सांगा.’ दोन्ही वक्र डावीकडे जातील, आणि या वेळी दोन्हींना स्वतंत्र कारण आहे. नग कमी होणार हे नक्की. भाव मात्र आकृतीवरून सांगता येत नाही. मागणी जास्त सरकली तर तो पडेल, पुरवठा जास्त सरकला तर चढेल. ‘भाव वाढेल’ असे ठाम लिहिणाऱ्याचा एक गुण कापा. ‘सांगता येत नाही, कोणता वक्र किती सरकला ते कळायला हवे’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, मग त्याची रेघ वाकडी आली असली तरी.